नव्वद सेकंदांच्या गुंतवणूकदार-पिच व्हिडिओची संहिता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुंतवणूकदारांना पाठवायच्या नव्वद सेकंदांच्या व्हिडिओत समस्या, उपाय, आजवरची प्रगती म्हणजे ट्रॅक्शन, आणि निधीची मागणी हे चार भाग याच क्रमाने कसे बसवावेत, एवढ्यापुरतीच ही प्रश्नोत्तरे आहेत. सर्व उत्तरांत एकच उदाहरण घेतले आहे. लिफ्टच्या दारांचा बिघाड आधी ओळखणारे उपकरण बनवणारी ही कंपनी काल्पनिक आहे आणि तिचे आकडेही समजावण्यापुरते मानलेले आहेत. रक्कम मुद्दाम चलनाशिवाय दिली आहे.

नव्वद सेकंदांत नेमके किती शब्द बसतात?

इंग्रजीसाठी मिनिटाला दीडशे शब्द हा हिशेब सर्रास सांगितला जातो. तो मराठीला तसाच लावला तर संहिता लांबते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात, त्यामुळे 'बसवणाऱ्यांसाठी' हा एकच शब्द उच्चारायला इंग्रजीतल्या दोन-तीन शब्दांइतका वेळ घेतो. शांतपणे, समोरच्याला समजेल अशा गतीने मराठी बोलणारा माणूस मिनिटाला साधारण ११० ते १२५ शब्द बोलतो. आकड्यांनंतरचे आणि भाग बदलतानाचे थांबे धरले, तर नव्वद सेकंदांसाठी १६५ शब्दांच्या आसपासची संहिता योग्य ठरते.

हा अंदाज झाला. खरे मोजमाप स्वतःच्या आवाजातच करावे. संहिता मनात वाचून वेळ लावू नये, कारण मनातल्या वाचनाला श्वास लागत नाही. उभे राहून, मोठ्याने, तीनदा वाचावे आणि तिन्हींतली सर्वांत लांब वेळ खरी मानावी. ती नव्वदच्या वर गेली तर वेग वाढवण्याऐवजी वाक्य काढावे. धावत म्हटलेला आकडा ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही, आणि या व्हिडिओत आकडेच सर्वांत मोलाचे असतात.

आकडे संहितेत अंकांत लिहावेत की अक्षरांत?

अक्षरांत, कारण अंकांत लिहिलेला आकडा किती वेळ खाईल ते कागदावर दिसत नाही. '३७.४%' ही चार-पाच चिन्हे वाटतात, पण उच्चारताना ती 'सदतीस पूर्णांक चार दशांश टक्के' होतात आणि तीन सेकंद घेऊन जातात. ऐकणाऱ्याला दशांशाचा उपयोगही नसतो. 'शंभरात सदतीस' एवढे पुरते.

मराठीत याहून एक वेगळी अडचण आहे. आपल्याकडे शंभरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव आहे, आणि 'एकोणसाठ' व 'एकोणसत्तर', किंवा 'सदुसष्ट' व 'अडुसष्ट' ही नावे घाईत सारखीच ऐकू येतात. म्हणून प्रत्येक महत्त्वाचा आकडा उच्चारला जात असताना पडद्यावरही अंकांत दिसला पाहिजे. जिथे खरे मूल्य त्याच्या जवळपास आहे, तिथे सुटसुटीत संख्या वापरावी, मात्र ती खालच्या बाजूला वळवावी: ६४३ असेल तर सहाशे चाळीस म्हणावे, साडेसहाशे म्हणू नये. पुढे नोंदी उघडल्या जातील तेव्हा आकडा किंचित जास्त निघालेला चालतो. कमी निघाला तर बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वासही त्याबरोबर जातो.

समस्या, उपाय, प्रगती, मागणी हाच क्रम का? आकडे चांगले असतील तर तेच आधी का सांगू नयेत?

कारण समस्येचे मोजमाप माहीत नसलेल्या माणसाला प्रगतीचा आकडा काहीच सांगत नाही. 'आमची उपकरणे सहाशे चाळीस लिफ्टवर बसली आहेत' हे पहिलेच वाक्य असेल, तर ऐकणाऱ्याला ते पुष्कळ आहे की थोडे, आणि बसली म्हणजे काय झाले, हे ठरवता येत नाही. तो पुढची वीस सेकंदे संदर्भ शोधण्यात घालवतो आणि संदर्भ सापडेपर्यंत आकडा विसरलेला असतो.

या क्रमात प्रत्येक भाग संपताना ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो आणि पुढचा भाग त्याचे उत्तर देतो. समस्या ऐकून 'मग यावर काय करता येईल' असे वाटते. उपाय ऐकून 'हे खरोखर चालते का, आणि कोणी पैसे देते का' असे वाटते. प्रगती ऐकून 'मग आता अडले कुठे आहे' असे वाटते. आणि मागणी त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असते. संहिता तपासताना मी चारही भागांच्या सांध्यांवर थांबून हाच प्रश्न उमटतो का ते पाहतो. उमटत नसेल, तर दोष बहुतेक वेळा आधीच्या भागाच्या शेवटच्या वाक्यात असतो.

संहिता कशी दिसते, ते एका उदाहरणातून दाखवाल का?

पुढील संहिता १६७ शब्दांची आहे. संस्थापक स्वतः पूर्वी लिफ्ट-तंत्रज्ञ होता, असे येथे मानले आहे.

समस्या, २५ सेकंद:

> लिफ्टचे दार अडले की तंत्रज्ञ निघतो, पण नेमका कोणता भाग बिघडला आहे, हे त्याला पोचेपर्यंत ठाऊक नसते. म्हणून शंभरपैकी चाळीस वेळा तो रिकाम्या हाताने परततो आणि सुटा भाग घेऊन दुसऱ्यांदा जातो. या दुसऱ्या फेरीचे पैसे देखभाल कंपनीला कोणीच देत नाही. मी नऊ वर्षे या फेऱ्या मारल्या आहेत.

उपाय, २१ सेकंद:

> आम्ही लिफ्टच्या दारावर तळहाताएवढे उपकरण बसवतो. दार प्रत्येक वेळी उघडताना आणि मिटताना होणारी थरथर ते नोंदवते आणि कोणता भाग बदलावा लागेल, हे तंत्रज्ञ निघण्यापूर्वीच त्याच्या फोनवर दाखवते. तो योग्य भाग बरोबर घेऊनच निघतो. देखभाल कंपनी आम्हांला प्रत्येक लिफ्टमागे दरमहा शुल्क देते.

प्रगती, २३ सेकंद:

> आठ महिन्यांपूर्वी एकशे ऐंशी लिफ्टसाठी आम्हांला पैसे मिळत होते; आज सहाशे चाळीस लिफ्टसाठी मिळतात. अकरा कंपन्या आमच्या ग्राहक आहेत आणि एकीनेही करार सोडलेला नाही. जिथे उपकरण तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तिथे दुसरी फेरी शंभरात चाळीसवरून पंधरावर आली.

मागणी, २१ सेकंद:

> आम्ही तीन कोटी उभे करत आहोत. त्यांतून अठरा महिन्यांत पाच हजार लिफ्ट गाठायच्या आहेत आणि दुसरी फेरी शंभरात दहाच्या खाली आणायची आहे. निम्म्याहून अधिक रक्कम उपकरणे बसवणाऱ्या पथकांवर जाईल. पुढच्या दोन आठवड्यांत वीस मिनिटे द्या. प्रत्येक कंपनीची नोंद आम्ही उघडून दाखवू.

या संहितेत 'दुसरी फेरी' हे एकच माप चारांपैकी तीन भागांत नावानिशी येते, आणि ज्या उपायाच्या भागात ते नाव येत नाही, तिथेही 'योग्य भाग बरोबर घेऊनच निघतो' हे वाक्य त्याच्याचबद्दल असते. समस्येत त्याचे मूल्य चाळीस आहे, प्रगतीत पंधरा, आणि मागणीत दहाच्या खाली. ऐकणाऱ्याला नव्वद सेकंदांत एकच माप शिकावे लागते आणि मग तेच माप सरकताना दिसते. माझ्या मते चांगल्या आणि वाईट संहितेतला सर्वांत मोठा फरक हाच आहे. वाईट संहितेत समस्या वेळेत मोजलेली असते, उपाय अचूकतेच्या टक्केवारीत, प्रगती डाउनलोडमध्ये आणि मागणी बाजारपेठेच्या आकारात. चार भागांत चार मापे आली की प्रत्येक भाग खरा असूनही त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही.

आमच्या कंपनीसाठी असे एक माप कसे शोधावे?

ग्राहक आज कोणत्या गोष्टीसाठी पैसे, वेळ किंवा माणसे वाया घालवतो, ते मोजता येईल अशा एका घटनेत पकडावे. 'देखभाल अकार्यक्षम आहे' ही घटना नव्हे. 'तंत्रज्ञाला त्याच कामासाठी दुसऱ्यांदा जावे लागले' ही घटना आहे, कारण ती घडली की नाही याबद्दल दोन माणसांत वाद होऊ शकत नाही आणि ती ग्राहकाच्या नोंदवहीत आधीपासूनच सापडते. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. माप फक्त तुमच्या उपकरणामुळेच मोजता येत असेल, तर उपकरण बसवण्यापूर्वीचा आकडा तुमच्याकडे नसतो, आणि त्याशिवाय 'चाळीसवरून पंधरा' असे वाक्य बोलता येत नाही.

समस्येचा भाग नेहमी लांबतो. काय काढून टाकावे?

आधी पार्श्वभूमी काढावी. 'वाढत्या शहरीकरणामुळे उंच इमारतींची संख्या झपाट्याने वाढत असून उभ्या वाहतुकीवरील ताण दिवसेंदिवस तीव्र होत आहे' असे वाक्य पंधरा शब्द खाते आणि ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले सांगते. त्याऐवजी एक माणूस, त्याला करावे लागणारे एक काम, आणि त्या कामातली अडचण किती वेळा येते हे सांगितले, की समस्या उभी राहते.

त्यानंतर, दुसरी समस्या असेल तर ती काढावी. लिफ्टच्या उदाहरणात केबल झिजतात, मोटर तापते, रहिवासी अडकतात, या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. पण उपकरण दारापुरतेच आहे. संहितेत मोठी समस्या मांडून उपाय तिच्या एका कोपऱ्याचा दाखवला, तर गुंतवणूकदाराला फसवल्यासारखे वाटते, जरी एकही वाक्य खोटे नसले तरी. म्हणूनच पहिल्या वाक्यात 'लिफ्ट बंद पडली की' असे न म्हणता 'लिफ्टचे दार अडले की' असे म्हटले आहे.

मात्र समस्येचा खर्च कोण सोसतो, हे वाक्य कधीही काढू नये. रहिवाशाला त्रास होतो, पण दुसऱ्या फेरीचा भुर्दंड देखभाल कंपनीला बसतो, कारण तिचा वार्षिक करार ठरावीक रकमेचा असतो. पुढे शुल्क तीच कंपनी देणार आहे. ज्याला दुखते तो आणि जो पैसे देतो तो एकच आहे, हे संहितेतून कळले नाही, तर पहिल्या भेटीतली निम्मी वेळ तेवढे समजावण्यात जाते.

संस्थापकांची ओळख कुठे करून द्यावी? या चार भागांत संघाला जागाच नाही.

स्वतंत्र भाग नको, कारण नाव, पदवी आणि पूर्वीच्या नोकऱ्या सांगण्यात बारा-पंधरा सेकंदे जातात, आणि ही माहिती सोबतच्या कागदपत्रांत वाचता येते. संस्थापकाचा समस्येशी थेट संबंध असेल, तर तो समस्येच्या शेवटी एका वाक्यात यावा, जसे वरच्या संहितेत 'मी नऊ वर्षे या फेऱ्या मारल्या आहेत' हे वाक्य येते. तसा संबंध नसेल आणि बळ तांत्रिक असेल, तर ते उपायाच्या भागात एका उपवाक्यात सांगावे. नाव आणि पद बोलण्याची गरज नाही. पहिली चार सेकंदे ते पडद्याच्या खालच्या बाजूला दिसले की पुरे.

उपायाच्या भागात तंत्रज्ञान किती समजवावे?

उपाय चालतो कसा याची एकच कडी दाखवावी: काय आत जाते, काय बाहेर येते, आणि त्यामुळे कोण वेगळे काय करतो. वरच्या संहितेत थरथर आत जाते, भागाचे नाव बाहेर येते, आणि तंत्रज्ञ तो भाग बरोबर घेऊन निघतो. संवेदक कोणता, गणिती प्रतिमान कोणते, माहिती कुठे साठते, हे प्रश्न भेटीत येतातच आणि तिथे त्यांना पुरेसा वेळही मिळतो.

याच भागात शक्यतो प्रत्यक्ष चित्रीकरण दाखवावे: उपकरण दारावर बसवले जाते आहे, आणि फोनवर सूचना येते आहे. बोलणाऱ्याचा चेहरा पहिल्या आणि शेवटच्या भागात पुरेसा असतो. जी गोष्ट अजून बनलेली नाही, तिचे सजवलेले चित्र दाखवू नये. दाखवायचेच असेल तर 'प्रस्तावित' हा शब्द पडद्यावर स्पष्ट असावा.

कोणते आकडे ट्रॅक्शन म्हणून चालतात आणि कोणते चालत नाहीत?

गुंतवणूकदार आकडा ऐकतो तेव्हा तो मनात लगेच विचारतो की हा आकडा वाढण्यासाठी कोणाला खिशात हात घालावा लागला का. नोंदणी, डाउनलोड, पुरस्कार, वर्तमानपत्रातली बातमी, किंवा 'चर्चा सुरू आहे' अशा मोठ्या कंपन्यांची यादी, यांपैकी कशासाठीही ग्राहकाने काही सोडलेले नसते. याउलट शुल्क भरणारे ग्राहक, पुन्हा आलेली मागणी, करार वाढवणे, आणि ग्राहकाच्या स्वतःच्या नोंदींत दिसणारा बदल, हे आकडे वजनदार असतात. सुरुवातीपासूनची बेरीज दाखवणारा आलेखही टाळावा. बेरजेचा आलेख व्यवसाय थांबला तरी खाली येत नाही आणि हे पाहणाऱ्याला ठाऊक असते.

प्रगतीच्या आकड्याला दोन टोके लागतात: तेव्हा किती आणि आज किती. नुसते 'सहाशे चाळीस' म्हटले तर वेग कळत नाही. 'आठ महिन्यांपूर्वी एकशे ऐंशी' हे जोडले की महिन्याला सुमारे सतरा टक्क्यांची चक्रवाढ होते, आणि ती टक्केवारी न बोलताही ऐकणारा ती अदमासाने काढतो.

आता वरच्या संहितेतल्या प्रगतीच्या तीन वाक्यांपैकी प्रत्येकात एक खड्डा आहे, आणि तो संस्थापकाने गुंतवणूकदाराच्या आधी पाहिलेला असावा.

पहिल्या वाक्यात सहाशे चाळीस लिफ्ट आणि दुसऱ्यात अकरा कंपन्या आहेत. त्यांतल्या चारशे लिफ्ट एकाच कंपनीच्या असतील, तर ती एक कंपनी गेल्यावर व्यवसायाचा बहुतांश भाग जातो. अशा स्थितीत अकरा हा आकडा पुढे करणे चुकीचा समज निर्माण करते, आणि 'आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने चाळीस लिफ्टपासून सुरुवात करून चारशेपर्यंत वाढ केली' हे सांगणे अधिक प्रामाणिकही ठरते आणि अधिक प्रभावीही.

'एकीनेही करार सोडलेला नाही' हे वाक्य ऐकायला फार चांगले वाटते, पण करार बारा महिन्यांचे असतील आणि सर्वांत जुना ग्राहक नऊ महिन्यांपूर्वीचा असेल, तर कोणाला सोडता येणेच शक्य नव्हते. तेव्हा हे वाक्य टिकून राहण्याचा पुरावा ठरत नाही. करार मासिक असतील, किंवा काही करारांची मुदत संपून त्यांचे नूतनीकरण झालेले असेल, तरच ते ठेवावे. नसेल तर त्या जागी किती ग्राहकांनी पहिल्या मागणीनंतर आणखी लिफ्ट जोडल्या, ते सांगावे.

तिसऱ्या वाक्यातली 'तीन महिन्यांहून जास्त काळ' ही अट मुद्दाम आहे. नव्या दाराची नेहमीची थरथर ओळखायला उपकरणाला काही आठवडे लागतात, त्यामुळे सर्व लिफ्टची सरासरी काढली तर परिणाम खऱ्याहून कमी दिसतो. पण अट लपवून केवळ चांगला आकडा सांगितला तर ती निवड करून केलेली मांडणी होते. अट वाक्यातच ठेवल्याने दोन्ही अडचणी सुटतात. शिवाय 'चाळीस' आणि 'पंधरा' हे आकडे त्याच लिफ्टचे, आधीचे आणि नंतरचे असले पाहिजेत. आधीचा आकडा संपूर्ण उद्योगाचा आणि नंतरचा स्वतःच्या निवडक ग्राहकांचा असेल, तर ती तुलनाच होत नाही.

आमचे उत्पन्न अजून सुरू झालेले नाही. मग प्रगतीच्या भागात काय सांगावे?

भाग लहान करावा, पण वगळू नये. उपकरण बारा लिफ्टवर विनाशुल्क चालू असेल, तर तसेच म्हणावे आणि पुढे त्यातून काय कळले ते सांगावे: 'बारा लिफ्टवर दहा आठवड्यांत एकतीस बिघाड झाले, त्यांतल्या चोवीस वेळा आमच्या उपकरणाने योग्य भाग आधीच सांगितला.' हा आकडा छोटा असला तरी पूर्ण आहे, कारण त्यात चुकलेल्या सात वेळाही दिसतात. वाचलेली सेकंदे समस्येला देऊ नयेत. ती उपायाच्या चित्रीकरणाला आणि मागणीला द्यावीत, कारण या टप्प्यावर गुंतवणूकदार पुढचा पुरावा किती पैशांत आणि किती काळात मिळेल हेच तोलत असतो.

मागणीची रक्कम कशी ठरवावी आणि किती शब्दांत सांगावी?

रक्कम मागे मोजत यावी. प्रथम निधी उभारण्याच्या पुढच्या फेरीतल्या गुंतवणूकदाराला पटेल असा टप्पा ठरवावा, मग तो गाठायला किती महिने लागतील आणि त्या महिन्यांत दरमहा निव्वळ किती खर्च होईल ते काढावे. उदाहरणातली कंपनी आज दरमहा निव्वळ नऊ लाख खर्च करते. पथके नेमल्यावर हा खर्च एकोणीस लाखांपर्यंत चढेल आणि शुल्काचे उत्पन्न वाढत जाईल तसा पुन्हा उतरेल, अशी अठरा महिन्यांची सरासरी पंधरा लाख येते. पंधरा गुणिले अठरा म्हणजे २७० लाख, आणि निधीची पुढची फेरी लांबली तर हाताशी असावेत म्हणून ३० लाख, असे मिळून तीन कोटी होतात. हा हिशेब व्हिडिओत येत नाही, पण तो झालेला नसेल तर 'तीन कोटी' म्हणताना आवाजात ते जाणवते, आणि पहिल्याच भेटीत उघडे पडते.

टप्पा झेपणारा आहे का, हेही तपासावे. सहाशे चाळीसवरून अठरा महिन्यांत पाच हजारांवर जाण्यासाठी महिन्याला सुमारे बारा टक्के वाढ लागते. आजवरची वाढ सतरा टक्क्यांची आहे, तेव्हा उद्दिष्ट आजच्या वेगाहून थोडे संथ आहे आणि म्हणून पटते. आकडा वीस हजारांचा ठेवला असता तर दरमहा एकवीस टक्के लागले असते, म्हणजे कंपनी मोठी होत असताना वेगही वाढायला हवा होता. त्यासाठी वेगळे कारण द्यावे लागले असते आणि त्याला या व्हिडिओत जागा नाही.

बोलताना रक्कम पहिल्याच वाक्यात यावी. 'आम्ही योग्य भागीदाराच्या शोधात आहोत' अशी प्रस्तावना केली की ऐकणाऱ्याला संकोच जाणवतो. 'दोन ते पाच कोटी' असा पल्लाही देऊ नये. दोन आणि पाच कोटींत होणारे काम वेगळे असते, आणि पल्ला ऐकून योजना ठरलेली नाही असा अर्थ घेतला जातो. खर्चाची विभागणीही एकाच मोठ्या बाबीपुरती सांगावी. चार रंगांचे वर्तुळ तीन सेकंदांत कोणी वाचत नाही.

कंपनीचे मूल्यांकन व्हिडिओत सांगावे का?

सामान्यतः सांगू नये. मूल्यांकन हा वाटाघाटीचा विषय आहे, आणि एकदा चित्रित झालेला आकडा महिनाभराने बदलला तरी व्हिडिओ जुनाच आकडा सांगत फिरत राहतो. एखाद्या प्रमुख गुंतवणूकदाराने अटी मान्य केल्या असतील आणि उरलेली जागा भरायची असेल, तेव्हा मात्र सांगणे सोयीचे ठरते. तसे असेल तर ते मूल्यांकन गुंतवणुकीपूर्वीचे की नंतरचे, हा शब्द सोडू नये. तीन कोटी घेतल्यानंतरचे मूल्य वीस कोटी असेल तर नव्या गुंतवणूकदारांचा वाटा पंधरा टक्के होतो. पूर्वीचे मूल्य वीस कोटी असेल तर नंतरचे तेवीस होते आणि वाटा तेरा टक्क्यांच्या आसपास येतो. एका शब्दाच्या चुकीने दोन टक्क्यांचा गैरसमज होतो, आणि तो मिटवताना नात्यावर ताण येतो.

व्हिडिओ सर्वांना दिसेल असा समाजमाध्यमांवर टाकता येईल का?

मागणीचा भाग असलेला व्हिडिओ टाकण्यापूर्वी थांबावे आणि कायदेशीर सल्ला घ्यावा. खासगीरीत्या निधी उभारताना जाहिरात करण्यावर अनेक देशांत बंधने आहेत. भारताच्या कंपनी कायदा, २०१३ मधील कलम ४२ नुसार खासगी वितरणाची जाहिरात करून सर्वसामान्य जनतेला माहिती देता येत नाही, आणि अमेरिकेत रेग्युलेशन डी मधील नियम ५०६(ब) खाली निधी उभारताना सर्वसाधारण आवाहन करण्यास मनाई आहे. सोपा मार्ग असा की व्हिडिओच्या दोन प्रती ठेवाव्यात. पहिली पूर्ण प्रत फक्त ओळखीच्या किंवा ओळख करून दिलेल्या गुंतवणूकदारांना, संकेतशब्द असलेल्या दुव्यावरून पाठवावी. दुसऱ्या प्रतीत पहिले तीनच भाग असावेत आणि निधीचा उल्लेखही नसावा. तीही प्रसिद्ध करण्यापूर्वी सल्लागाराला दाखवावी. संहिता लिहितानाच मागणीचा भाग वेगळा कापता येईल असा, आधीच्या वाक्यावर व्याकरणाने अवलंबून नसलेला ठेवला, तर पुन्हा चित्रीकरण करावे लागत नाही.

चित्रीकरणासाठी काय लागते?

फोनचा कॅमेरा पुरतो. आवाजासाठी मात्र कॉलरला लावायचा माइक घ्यावा, कारण अंधूक चित्र माणूस सहन करतो पण घुमणारा आवाज करत नाही. फोन आडवा धरावा, खिडकीकडे तोंड करून बसावे, आणि सर्व बोलण्याला उपशीर्षके द्यावीत, कारण पुष्कळ जण पहिल्यांदा आवाज बंद ठेवूनच पाहतात. प्रगतीच्या आकड्यांखाली 'अमुक तारखेपर्यंत' अशी लहान ओळ असावी आणि तो भाग स्वतंत्र चित्रित करावा, म्हणजे दोन महिन्यांनी तेवढाच बदलता येतो.

पाठवण्यापूर्वी संहिता चालते की नाही, हे कसे ओळखावे?

तुमच्या क्षेत्राशी संबंध नसलेल्या तीन जणांना, एकेकट्याने, व्हिडिओ एकदाच दाखवावा. तो संपल्यावर दहा मिनिटे दुसऱ्याच विषयावर बोलावे आणि मग चार गोष्टी विचाराव्यात: कोणाची कोणती अडचण होती, हे लोक काय करतात, ते चालते हे कशावरून म्हणता, आणि त्यांना किती पैसे कशासाठी हवे आहेत. उत्तरे शब्दशः लिहून घ्यावीत. त्यांना मध्येच दुरुस्त करू नये आणि समजावूनही सांगू नये.

चुकांचा नमुना पाहिला की दोष कुठे आहे ते कळते. पहिल्या प्रश्नाला 'लिफ्ट बिघडतात' एवढेच उत्तर आले, तर दुसरी फेरी पोचलेली नाही आणि समस्येतले दुसरे वाक्य पुन्हा लिहायला हवे. तिसऱ्या प्रश्नाला 'पुष्कळ ग्राहक आहेत' असे उत्तर आले, तर आकडे जास्त झाले आहेत; त्यांतला एक काढावा. चौथ्या प्रश्नाला रक्कम बरोबर आली पण कारण आले नाही, तर टप्प्याचे वाक्य खर्चाच्या वाक्याच्या आधी आहे का ते पाहावे. तिघांपैकी दोघांनी 'चाळीसवरून पंधरा' हे जवळपास बरोबर सांगितले, तर संहिता पाठवण्याजोगी झाली आहे.